कच्च्या चिकनचं उरलेलं मॅरिनेशन सॉस म्हणून वाढावं का?

प्रश्न: रविवारी गच्चीवर चिकन टिक्का करतो. तुकडे सळईला लावल्यावर भांड्यात वाटी-दीड वाटी दह्याचा मसाला उरतो. तो तसाच सॉस म्हणून टिक्क्याबरोबर वाढला तर चालतो का? सासूबाई म्हणतात, दही आहे, लिंबू आहे, मीठ आहे, काही होत नाही. नवरा म्हणतो, सरळ ओतून दे. एवढा मसाला ओतून द्यायला जीव होत नाही. सुरक्षित करायचा काही उपाय आहे का? (कोथरूड, पुणे)

उत्तर:

कच्चा अजिबात वाढू नका. नीट उकळला तर चालतो, पण मसाला शेवटपर्यंत फ्रीजमध्येच राहिला असेल तर. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे आणि नवऱ्याचंही अर्धं, म्हणून दोघांचं बघू.

कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात, आणि ते दुकान कितीही स्वच्छ असलं तरी असू शकतात. तुकडे मसाल्यात मुरत पडले की चिकनमधून पाणी सुटतं. रात्रभर ठेवल्यावर मसाला पातळ झालेला आणि थोडा गुलाबीसर दिसतो ना, ते हेच पाणी. म्हणजे उरलेला मसाला हा आता दही-मसाला राहिला नाही, त्यात कच्च्या चिकनचा रस आहे, आणि तुकड्याला जेवढं शिजवायला लागतं तेवढंच त्यालाही लागणार.

दही, लिंबू आणि मीठ या जंतूंना त्रास देतात हे खरं. त्यांची वाढ मंदावते, काही मरतातही. पण सगळे मरतील याची खात्री नाही. आंबटपणा मुळात बेताचा, त्यात चिकनचा रस मिसळून तो आणखी सौम्य होतो. फ्रीजचंही तसंच आहे, थंडीत जंतू वाढायचे थांबतात, मरत नाहीत. फ्रीजरमध्येही सगळे मरत नाहीत. वास घेऊन काही कळत नाही, कारण आजारी पाडणारे हे जंतू मसाल्याचा वास किंवा रंग बदलत नाहीत. तसाही लसूण आणि गरम मसाल्यापुढे कोणता वास टिकणार!

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या घरात चिकनचा रस्सा होतो तेव्हा हळद-दही-आलं-लसूण लावलेलं चिकन भांड्यासकट पातेल्यात जातं. भांडं विसळून ते पाणीसुद्धा रश्शात ओततो. तिथे हा प्रश्न कधी कुणाला पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही, कारण तो सगळा मसाला चिकनबरोबर अर्धा-पाऊण तास रटरटतो. टिक्का, तंदुरी, कबाब यांत मात्र मसाला मागे उरतो आणि त्याला आच लागतच नाही. म्हणून उपायही रश्शाचाच आहे, फक्त दही फाटू नये आणि मसाला खाली लागू नये एवढं सांभाळायचं.

चिकनच्या बाबतीत आतलं तापमान 74 अंश सेल्सिअसला पोचलं की हे जंतू मरतात. मसाला सगळीकडून उकळला की तो 74 च्या बराच वर गेलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपास उकळतं, पण त्याने काही बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. दाट मसाला खरोखर उकळला की नाही, हे डोळ्यांना फसवतं.

तुमच्यासारखंच प्रमाण घेऊन सांगतो. बोनलेस चिकन 1 किलो, दही 300 ग्रॅम, आलं-लसूण वाटण 2 मोठे चमचे, लाल तिखट, धणे-जिरे, गरम मसाला, अर्ध्या लिंबाचा रस, साधारण 15 ग्रॅम मीठ आणि 2 मोठे चमचे तेल. आदल्या रात्री लावून फ्रीजमध्ये ठेवलं. रविवारी संध्याकाळी तुकडे सळईला लावले आणि भांड्यात एक वाटी मसाला उरला. आता सळया सिगडीवर जाण्याआधी हा मसाला गॅसवर चढवायचा. गप्पा मारत भांडं कट्ट्यावर राहू द्यायचं नाही.

आधी चमच्याने चिकनचे बारीक तुकडे, चरबीचे गोळे शोधून काढा. तुकडा शिजायला मसाल्यापेक्षा जास्त वेळ घेतो. मग जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात 2 छोटे चमचे बेसन घ्या, ते कोरडंच मंद आचेवर मिनिटभर परता, उतरवा आणि कोमट होऊ द्या. त्यात मसाला घाला आणि त्याच वाटीने एक वाटी साधं पाणी घाला. भांड्याला लागलेला मसाला याच पाण्याने विसळून आत्ताच पातेल्यात घ्या. शेवटी सॉस तयार झाल्यावर ‘वाया जातंय’ म्हणून विसळण ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तेव्हा सगळं उकळणं फुकट जातं. रवीने किंवा व्हिस्कने गुठळ्या मोडून सगळं एकजीव करा, गॅसवर ठेवण्याआधीच.

बेसन कशाला, तर दह्यातलं प्रथिन आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की आकसून त्याच्या कण्या होतात आणि पाणी वेगळं सुटतं. बेसनातला स्टार्च मध्ये येऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. आपण कढीला बेसन लावतो त्याचं कारणही हेच. कॉर्नफ्लोअर चालेल, पण या मसाल्याला बेसनाची चव जास्त जुळते. आणि फाटलंच तरी घाबरू नका. फाटलेला सॉस दिसायला वाईट, खायला धोकादायक नाही. पुरता उकळून झाल्यावर थोडा निवला की मिक्सरमधून फिरवा आणि पुन्हा एक उकळी आणा.

पाणी कशाला, ते जास्त महत्त्वाचं. एक वाटी दाट मसाला तसाच गॅसवर ठेवला की तळाशी वाफ कोंडते आणि मधूनच एखादा मोठा बुडबुडा फटकन फुटतो, सगळीकडे शिंतोडे उडतात. बघणाऱ्याला वाटतं, उकळला. प्रत्यक्षात तळ करपायला लागलेला असतो आणि वरचा, कडेचा मसाला नुसता कोमट असतो. पाण्याने सैल केल्यावर तो आतल्या आत फिरतो आणि सगळीकडे सारखा तापतो. मिठाचाही प्रश्न सुटतो. हा मसाला 1 किलो चिकनला चव लागावी म्हणून खारट केलेला असतो, नुसता सॉस म्हणून तो जिभेला झोंबेल.

मध्यम आचेवर न थांबता ढवळत राहा. आधी कडेला पाणी सुटल्यासारखं दिसेल, मग वर करडा-पांढरट फेस आणि बारीक कण येतील. हे चिकनच्या रसातलं प्रथिन गोठतंय, खराब झालेलं नाही. फेस चमच्याने काढून टाका. त्यानंतर बुडबुडे यायला लागतील. इथे एक सोपी परीक्षा आहे. तळापासून जोरात दोन-तीनदा ढवळा आणि चमचा बाहेर काढा. बुडबुडे लगेच, मधोमध आणि कडेला, सगळीकडे परत आले तर खरी उकळी. एकाच ठिकाणी आले, किंवा ढवळल्यावर गायब होऊन सावकाश परतले, तर अजून नाही. खरी उकळी आली की तिथून घड्याळ लावा. जंतूंसाठी मिनिटभराची खळखळती उकळी पुरते. मी 5 मिनिटं उकळतो, कारण त्याआधी कच्च्या लसणाचा आणि बेसनाचा उग्रपणा जात नाही. तेलाचा तवंग वर दिसायला लागला की चवही जमलेली असते.

या 5 मिनिटांत दोन गोष्टी करा. पातेल्याच्या आतल्या कडेला कच्चा मसाला लागलेला असतो, तो खरवडून सॉसमध्ये ढकला आणि मिनिटभर झाकण ठेवा म्हणजे वाफेने कडा तापतील. आणि ढवळायचा चमचा बदला. ज्या चमच्याने कच्चा मसाला पातेल्यात काढला, तो शेवटी सॉस वाढायला वापरला तर आपणच जंतू परत आणून सोडले. मीठ बघायला चव घ्यायची असेल तर ती उकळून झाल्यावरच. सराईत स्वयंपाकी इथेच चुकतात, हात आपोआप चमचा तोंडाकडे नेतो.

गाळायचा असेल तर उकळल्यानंतर गाळा, आधी नको. आधी गाळलात तर गाळणीही कच्च्या मसाल्याची होते आणि तिची जाळी घासून काढणं हा वेगळा व्याप. नंतर गाळलं की गोठलेले कण वर राहतात आणि खाली गुळगुळीत सॉस मिळतो. त्यात छोटा चमचाभर लोणी, हातावर चोळलेली कसुरी मेथी आणि चिमूटभर साखर. साय किंवा क्रीम घालायचं तर गॅस मंद करून अगदी शेवटी. वाटी-सव्वा वाटी सॉस होतो आणि चार-पाच जणांना पुरतो. मायक्रोवेव्हमध्ये हे काम करू नका, तिथे मसाला कुठे उकळतो आणि कुठे गार राहतो. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर कडेला आणि मधोमध दोन्हीकडे टोचून बघा, पण वरची परीक्षा नीट केली तर तो नसला तरी चालतं.

आता नवऱ्याचं अर्धं बरोबर कुठे, ते. काही मसाला उकळूनही वाचवता येत नाही, तो ओतूनच द्यायचा.

पहिला, जो बाहेर राहिला. ‘फ्रीजमध्ये जागा नव्हती, ओट्यावरच झाकून ठेवलं’ हे पार्टीच्या घरात हमखास ऐकू येतं. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि त्यातले काही, उदाहरणार्थ आपल्या हातावरून येणारा स्टॅफिलोकोकस, वाढताना विष सोडतात. जंतू उकळून मरतात, पण हे विष उकळीने जात नाही. म्हणून नियम वेळेचा आहे. साध्या हवेत कच्चं चिकन आणि त्याचा मसाला सगळा मिळून 2 तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये, आणि 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर 1 तासापेक्षा. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या गच्चीवर संध्याकाळी सहालाही पारा त्याच्या वरच असतो. सळया लावत बसलात, कोळसा पेटायला वेळ लागला, पाहुणे उशिरा आले, की तासभर कसा गेला ते कळत नाही. तेव्हा चिकन थोडं थोडं बाहेर काढा, मसाल्याचं भांडं फ्रीजमध्येच राहू द्या. त्यापेक्षा मसाला खाली स्वयंपाकघरातच उकळून मोकळे व्हा.

दुसरा, जो फार दिवस झाला. मसाला लावलेलं चिकन फ्रीजमध्ये जास्तीत जास्त 2 दिवस. चिकन काढून घेतल्यावर उरलेला मसाला ‘पुढच्या रविवारी’ म्हणून डब्यात भरू नका, आणि न उकळता नव्या चिकनलाही लावू नका.

तिसरा, कच्ची पपई घातलेला. हा चवीचा मुद्दा आहे, पण त्यावरून खूपदा फोन येतात. मटण मऊ व्हावं म्हणून आपण पपई किसून घालतो. तिच्यातलं पपेन मांसाबरोबर दह्यातलं प्रथिनही तोडतं आणि त्यातून कडवटपणा येतो. दही आणि पपई रात्रभर एकत्र राहिलेला मसाला उकळला की कडू लागतो, साखर घालूनही तो कडूपणा लपत नाही. लोकांना वाटतं, मेथी जास्त झाली. असा मसाला सॉसच्या नादाला न लागता टाकून द्या.

सिगडीपाशी एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते, ती म्हणजे ब्रश. टिक्का कोरडा पडू नये म्हणून उरलेला कच्चा मसालाच ब्रशने फासत राहतात, अगदी उतरवायच्या आधीपर्यंत. आतून पूर्ण शिजलेल्या तुकड्यावर त्या क्षणी कच्चा थर चढतो आणि त्याला भाजायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. फासायचंच असेल तर पहिल्या अर्ध्या वेळात फासा आणि मग हात आवरा. मी तर ब्रश फक्त तेल किंवा वितळलेल्या लोण्यात बुडवतो, आणि शेवटच्या टप्प्यासाठी लोण्याची दुसरी वाटी आणि दुसरा ब्रश ठेवतो. कच्च्या सळया ज्या ताटात आणल्या, त्याच ताटात भाजलेल्या परत ठेवू नका. ताट बदलणं सगळ्यांना माहीत असतं, पण गच्चीवर दुसरं ताट नेलेलंच नसतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी स्वतः काय करतो ते सांगतो. आमच्या केटरिंगच्या किचनमध्ये चिकनला लागलेल्या मसाल्याचा सॉस आम्ही करत नाही. उकळून होत नाही म्हणून नाही, पण दहा हातांच्या किचनमध्ये कोणत्या भांड्यातला उकळला आणि कोणत्यातला नाही, यात गल्लत व्हायला एक क्षण पुरतो. आम्ही मसाला कालवला की चिकन आत पडायच्या आधी सॉसचा वाटा वेगळ्या डब्यात काढून झाकण लावतो. घरी हे तर फारच सोपं आहे. वरच्या प्रमाणातला वाटीभर मसाला लिंबू आणि सगळं मीठ घालायच्या आधी बाजूला काढा, म्हणजे तो खारट होत नाही. त्यालाही कच्च्या लसणासाठी एक चटका द्यावा लागतो, पण तो चवीपुरता.

आणि तुमच्याकडे दर वेळी वाटी-दीड वाटी उरतो, याचा अर्थ दही पातळ आहे किंवा जास्त आहे. श्रीखंडासाठी टांगतो तसं दही मलमलच्या फडक्यात दोन-तीन तास टांगा, आणि 1 किलो बोनलेसला 200 ग्रॅम चक्का घ्या. तो तुकड्याला धरून राहतो, भांड्याच्या तळाशी जमत नाही आणि कोळशावर टपकून धूर करत नाही. उरतो तो जेमतेम दोन चमचे, आणि तो ओतून देताना कुणाचाही जीव वरखाली होत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण गच्चीवर पनीरही असणारच. पार्टीत कुणीतरी शाकाहारी असतं, त्यांच्यासाठी ऐनवेळी पनीरचे तुकडे काढतात आणि ‘मसाला तयारच आहे’ म्हणून चिकनच्या उरलेल्या मसाल्यात घोळवतात. हे दोन्हीकडून चूक आहे. खाणाऱ्याला न सांगता मांसाचा रस खायला घालणं, हा एक भाग. दुसरा असा की पनीर आपण चार-पाच मिनिटं, वरून डाग पडेपर्यंतच भाजतो, जास्त भाजलं तर ते रबर होतं. त्या वेळात खाचेतला, ढोबळी मिरचीच्या पोटातला मसाला धड तापतही नाही. म्हणून मसाला कालवल्यावर तीन वाटे करा, पहिला पनीरचा, दुसरा सॉसचा, आणि राहिलेल्यात शेवटी चिकन. सळयाही आधी पनीरच्या लावून घ्या, मग चिकनच्या. शाकाहारी माणसांसाठी जाळीचा एक कोपरा वेगळा ठेवलात तर त्यांना विचारायचीही वेळ येणार नाही.

उकळलेला सॉस उरला तर तो गॅसजवळ कोमट ठेवून रात्रभर सोडू नका. मसाल्यांत बॅसिलस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळीतूनही वाचतात आणि कोमट सॉसमध्ये पुन्हा जागे होतात. जेवण चालू असताना सॉस वाफाळता ठेवा. जेवण संपलं की पसरट भांड्यात ओतून लवकर निववा आणि 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी चपातीच्या रोलमध्ये घालायचा असेल तर पुन्हा खळखळून उकळा. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.